दोन जीबीचा लॅपटॉप लगेच भंगारात काढू नका!

मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घरात धूळ खात पडलाय? सुरू व्हायला पाच मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी तीन. कनेरगाव नाक्यावरून तो पिशवीत घालून तुम्ही हिंगोलीला किंवा वाशिमला दुरुस्तीला नेता, आणि ‘विंडोज परत टाकू’ असं ऐकून पैसे देऊन येता. महिनाभरात पुन्हा तेच रडगाणं.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा. Ctrl+Shift+Esc दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीही चालू नसताना दोन जीबीपैकी दीड जीबी मेमरी भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसली, तर समजा रॅम कमी पडतेय. जागा नसल्यामुळे विंडोज रॅममधला माल सारखा हार्ड डिस्कवर टाकतं आणि परत आणतं. फिरती डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू, म्हणून सगळं अडकतं. विंडोज नव्याने टाकून हे कसं सुटणार?

विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कुणी कापून-छाटून ‘लाईट’ केलेली विंडोज देत असेल, तर त्यातले सुरक्षेचे अपडेट बहुधा बंद केलेले असतात. त्यावर बँकेचा पासवर्ड टाकायचा? माझं मत स्पष्ट आहे, टाकू नका.

त्यापेक्षा अँटिएक्ससारखं हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या. ते काम रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने होतं, फक्त पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग लॅपटॉप सुरू होताना F12, F9 किंवा Esc दाबून पेनड्राइव्ह निवडा. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालतं. टर्मिनलमध्ये हे लिहा:

```
free -h
```

available खाली साधारण दीड जीबी दिसेल. विंडोजवर जेवढं भरलेलं होतं, जवळपास तेवढं आता मोकळं आहे! वाय-फाय आणि आवाज चालतो का, तेही इथेच तपासा. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचं वाय-फाय कधीकधी अडतं. सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा, आणि आधी फोटो व कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा.

पण जादूची अपेक्षा नको. वेबसाईट लिनक्सवरही तेवढीच जड असते. दोन-तीन टॅब चालतील, दहा नाही. तुमच्या टायपिंग क्लासचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर विंडोजच ठेवा आणि रॅम वाढते का ते विचारा. बाकी फॉर्म भरणं, पीडीएफ वाचणं, मराठीत अर्ज लिहिणं एवढंच काम असेल, तर माझं मत लिनक्सला. तुमचा पेनड्राइव्ह काय सांगतो, ते आज संध्याकाळीच बघा.