डोळ्यांना नाव ठेवण्याआधी

"आप्पांना आता दिसत नाही," हे वाक्य आपल्या बेळगाव-निपाणी भागात फार सोपं झालंय. मुलगा पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येतो, आपला वापरलेला लॅपटॉप आप्पांच्या टेबलावर ठेवतो, पेपर कसा उघडायचा ते दाखवतो आणि जातो. आप्पा नाक स्क्रीनला लावून चार दिवस वाचतात, पाचव्या दिवशी झाकण बंद करतात. मग घरभर एकच निकाल: वय झालं. माझं म्हणणं सरळ आहे. आधी त्या यंत्राचं माप तपासा, डोळ्यांना नंतर नावं ठेवा.

हिशेब करून बघा. 15.6 इंची लॅपटॉपच्या स्क्रीनवर आडवे 1920 ठिपके असले, तर एका इंचात साधारण 141 ठिपके बसतात. विंडोजचं माप 100 टक्क्यांवर असलं की ते एका इंचाला 96 ठिपके धरून अक्षर काढतं. म्हणजे अक्षर ठरल्या उंचीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतं. 150 टक्के केलं तर ते जवळजवळ मूळ मापावर येतं. तेव्हा 150 टक्के ही म्हाताऱ्यांना दिलेली सवलत नव्हे, ते त्या स्क्रीनचं खरं माप आहे. "शंभरवर स्क्रीन छान दिसते, जास्त मावतं," असं सांगणाऱ्या तरुणाला विचारावं, कुणाला छान दिसते बाबा?

त्यात अंतराचा प्रश्न. पुस्तक आपण चाळीस सेंटिमीटरवर धरतो, स्क्रीन साठवर असते. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा. आणि आमच्याकडे लिप्या दोन. पेपर मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. मराठीत 'घ' आणि 'ध', 'ष' आणि 'प' यांच्यात रेघेएवढाच फरक. वर रफार, अनुस्वार. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग मुख्य अक्षराखाली बारीक होऊन बसतो. इंग्रजी ज्या मापावर कसंबसं वाचता येतं, त्या मापावर ह्या खुणा पुसल्यासारख्या होतात. उताऱ्यावरचं नाव चुकीचं वाचलं तर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आता सगळ्यात वाईट उपाय, आणि तोच घरोघरी चालतो: Display resolution कमी करणं. 1920 चं 1366 केलं की सगळं मोठं दिसतं खरं, पण एका ठिपक्याचं काम दीड ठिपक्याला नीट करता येत नाही, म्हणून अक्षरांच्या कडा फाटतात. आप्पा म्हणतात, "मोठं झालं, पण धुकं आहे." मग मुलगा चष्म्याचा नंबर तपासायला नेतो! ओळखायची खूण सोपी: Settings मध्ये System, त्यात Display उघडा. Display resolution समोर Recommended असं लिहिलेलं नसेल, तर धुकं यंत्रात आहे. ते Recommended वर परत आणा आणि त्याच पानावरचं Scale 150 टक्के करा. चालू असलेले प्रोग्रॅम एकदा बंद करून उघडा; काही जुने प्रोग्रॅम तोवर अंधुकच दिसतात.

Scale ला मर्यादा आहे, हेही सांगते. 225 टक्के केलं की त्या स्क्रीनवर 853 गुणिले 480 एवढीच जागा उरते. खिडकीच्या तळातलं OK बटण स्क्रीनबाहेर जातं आणि माणूस तिथंच अडकतो. म्हणून Scale 150 वर ठेवायचं, उरलेली वाढ Accessibility मधल्या Text size कडून घ्यायची. 130 पासून सुरुवात करा, पट्टी सरकवून Apply दाबा. त्यानं मेनू आणि नावांची अक्षरं वाढतात, बाकीची मांडणी फारशी हलत नाही. पेपर आणि उतारा ब्राउझरमध्ये वाचतात, तिथं Ctrl धरून + दाबायचं; क्रोम प्रत्येक साइटचं माप वेगळं लक्षात ठेवतो, म्हणून हे एकदा केलं की पुरतं. स्कॅन केलेली पोथी मात्र चित्रच असते, तिला Text size लागू होत नाही. ती झूम करूनच वाचायची.

आणि माप कुणी ठरवायचं? मुलानं नाही. आप्पांना त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या चष्म्यासह, पाठ टेकून बसवा. मराठी पेपरातल्या पाच ओळी आणि उताऱ्यावरची नावं मोठ्यानं वाचायला सांगा. पाठ सुटून पुढं आली, की माप अजून लहान. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून हनुवटी वर गेली, तर स्क्रीन खाली घ्या. एवढं केल्यावरही अडखळले, तर खुशाल डॉक्टरांकडे न्या. तोवर "दिसत नाही" म्हणायचा हक्क कुणालाच नाही.