नमुन्यातला लोगो बदलला, पण पुडा कोणाचा?

प्रश्न: मी कोपरला राहतो आणि घरूनच डिझाईनची कामं करतो. डोंबिवलीतल्या एका बिस्किट उत्पादकाला पिच द्यायचा आहे. नामांकित कंपनीच्या पुड्याचा फोटो घेऊन त्यावरचा लोगो पुसला आणि या उत्पादकाचा लोगो बसवला. हा फक्त नमुना आहे, विकायचा नाही. तरी ट्रेडमार्कची अडचण येईल का?

उत्तर: तुम्ही बसवलेल्या लोगोची काळजी फारशी नाही. काळजी आहे ती लोगो पुसल्यावर उरलेल्या पुड्याची.

आधी बसवलेल्या लोगोबद्दल. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार भंग ठरायला चिन्हाचा वापर व्यापारात व्हावा लागतो, आणि साधारणपणे त्यातून लोकांचा गोंधळ उडण्याची शक्यता असावी लागते. उत्पादकाच्याच टेबलावर, त्याचाच लोगो, त्यालाच दाखवलात तर गोंधळ कोणाचा होणार? इथे धोका अगदी थोडा. मात्र काम मिळण्याआधीच तो नमुना इन्स्टाग्रामवर किंवा ‘आमचे ग्राहक’ या पानावर टाकू नका. तुमचा त्यांच्याशी व्यवहार आहे असं बघणाऱ्याला वाटेल, आणि तो अजून झालेला नाही. पुढे पोर्टफोलिओत ठेवायचा असेल तर उत्पादकाची लेखी परवानगी घ्या. चित्राखाली ‘नमुना’ लिहिणं चांगलंच, पण तेवढ्याने परवानगीची गरज संपत नाही.

आता पुडा. ट्रेडमार्क म्हणजे फक्त नाव किंवा लोगो, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. कायद्याच्या व्याख्येत लेबल, वेष्टन, वस्तूचा आकार आणि रंगांची जुळणीही येते. विलेपार्ल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पार्ले प्रॉडक्ट्सचाच दावा पाहा. त्यांच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर गाई-कोंबड्यांसह शेतातल्या मुलीचं चित्र होतं आणि ते वेष्टन नोंदवलेलं होतं. म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीने ‘ग्लुकोज’ नावाने, त्याच धाटणीच्या वेष्टनात बिस्किटं आणली. मुलीच्या हातातल्या वस्तू वेगळ्या, इतर तपशीलही वेगळे. खालच्या न्यायालयांत पार्ले हरलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो निकाल फिरवला. दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नाही, असं न्यायालय म्हणालं. एक वेष्टन पाहिलेल्या माणसाला नंतर दुसरं दिसलं तर तो फसेल का, हे पाहायचं. आकार, रंग आणि एकूण मांडणी सारखी होती, म्हणून भंग ठरला.

तुमच्या नमुन्यात नेमकं हेच उरतं. खोलीत दाखवलं तोवर बाजारात कोणी फसत नाही. पण उत्पादकाला नमुना आवडला आणि तो म्हणाला, “मस्त, असाच छापा,” की गोष्ट बदलते. नोंदलेलं चिन्ह वेष्टनावर किंवा जाहिरातीच्या साहित्यावर वापरणाराही, परवानगी नाही हे त्याला ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवं होतं असं दिसलं, तर कलम २९(७) खाली भंग करणारा ठरतो. म्हणजे डिझायनर आणि छापखानाही त्यात येऊ शकतात. तुम्ही स्वतः लोगो पुसलेला असल्यामुळे ‘मला ठाऊक नव्हतं’ हे म्हणणं अवघड जाईल.

शिवाय तो फोटो आणि वेष्टनावरचं चित्र या कॉपीराइट कायदा, १९५७ खाली कलाकृती आहेत. लोगो पुसल्याने त्यांचा मालक बदलत नाही, आणि हा मुद्दा नमुना विकला नाही तरी उभा राहतो.

म्हणून असं करा. बाजारातून कोरी, बिनछापाची पाकिटं आणा, खिडकीजवळ ठेवून स्वतः फोटो काढा आणि त्यावर उत्पादकाचा लोगो बसवा. तयार मॉकअप विकत घेतलात तर त्याचा परवाना वाचा. व्यावसायिक वापराला मुभा आहे का ते त्यात लिहिलेलं असतं. स्पर्धकाचा पुडा तुलनेसाठी दाखवायचाच असेल तर त्याचा लोगो पुसू नका. तो जसा आहे तसा, ‘बाजारातलं सध्याचं वेष्टन’ असं लिहून, वेगळ्या पानावर दाखवा.

पिचमध्ये नवं नाव सुचवणार असाल तर ipindia.gov.in वरच्या सार्वजनिक शोधात ते आधी तपासा. बिस्किटं वर्ग ३० मध्ये येतात. फक्त हुबेहूब नाव शोधून थांबू नका, उच्चाराने जवळची नावंही पाहा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचं नूतनीकरण होतं, त्यामुळे जुनी नोंद दिसली म्हणून ती संपली असं धरू नका.

आणि आधीच तसा नमुना पाठवला असेल तर आजच उत्पादकाला ईमेल करा: वेष्टनाची मांडणी फक्त दाखवण्यापुरती होती, ती छापायची नाही, छपाईसाठी नवी मांडणी देतो. त्या ईमेलची प्रत जपून ठेवा. कंपनीची नोटीस आलीच तर ती फाईल सगळीकडून काढा आणि स्वतः उत्तर लिहिण्याआधी नोटीस घेऊन वकिलाकडे जा. उत्तराची मुदत नोटिशीतच दिलेली असते.