दातांच्या डॉक्टरांची फाइल फेकू नका

1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. 25 प्रवासी दगावले. देह इतके जळाले होते की घरच्यांनाही ओळख पटेना. डीएनएच्या अहवालाला काही दिवस लागणार होते, म्हणून नातेवाइकांच्या संमतीने 24 जणांवर बुलढाण्यात एकत्रच अंत्यसंस्कार झाले. आमच्या स्वारगेटवरूनही रोज कितीतरी माणसे रात्रीच्या गाड्यांनी निघतात. आपल्या माणसाची मय्यत कोणती, हेच कळले नाही तर दफन कोणाचे करायचे?

अशा वेळी बोटांचे ठसे, डीएनए आणि दात या तीन खुणा पक्क्या मानतात. आगीत ठसे लवकर जातात. दात मात्र टिकतात, कारण ते शरीरातला सर्वांत कठीण भाग आहेत. गाल आणि जीभ मागच्या दाढांना काही काळ आच लागू देत नाहीत. वरचा भाग तडकला तरी जबड्याच्या हाडातली मुळे बऱ्याचदा शाबूत राहतात.

पण नुसते दात नाव सांगत नाहीत. त्यांची तुलना करायला माणूस हयात असतानाचा एक्स-रे किंवा नोंद लागते. समजा, अब्बांच्या फाइलमध्ये लिहिले आहे : खालची उजवी पहिली दाढ रूट कॅनल केलेली, डावी पहिली दाढ काढलेली. डॉक्टर मृताच्या जबड्याचा एक्स-रे शक्यतो जुन्या एक्स-रेच्याच कोनातून काढतात. मग मुळांचा वाक, भरलेल्या सिमेंटचा आकार आणि दातांमधले अंतर ताडून पाहतात.

फरक दिसला म्हणजे माणूस वेगळाच, असे नाही. मृताची आणखी एक दाढ नसेल, तर ती नंतर काढली असू शकते. पण फाइलप्रमाणे काढलेली डावी दाढ मृताच्या जबड्यात जागेवर असेल, तर ते अब्बा नव्हेत, कारण काढलेली पक्की दाढ पुन्हा उगवत नाही. यात एक धोका असतो. फिल्म उलटी धरली की डावे-उजवे बदलते आणि निष्कर्षच चुकतो.

लहान मुलांच्या दातांत सहसा सिमेंट नसते. त्यांच्या दातांची मुळे कितपत तयार झाली आहेत, यावरून वयाचा अंदाज येतो. त्याने शोध आवळत जातो, पण नाव ठरत नाही. नावासाठी बहुतेक वेळा डीएनए लागतो.

आपली खरी अडचण घरातच आहे. दाढ दुखायची थांबली की एक्स-रे रद्दीत जातो. तो मागून घ्या, त्यावर नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू लिहा, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाकडे पाठवून ठेवा. एक्स-रे नसेल, तर समोरचे दात स्पष्ट दिसणारा हसरा फोटोही तुलनेला उपयोगी पडतो.