पणतीतला चपटा सेल आणि दोन तासांचं घड्याळ : मूल हसतखेळत असलं तरी एक्स-रे लगेच का हवा

गेल्या काही वर्षांत दिवाळीत तेलाच्या पणतीसोबत सेलवर चालणारी प्लास्टिकची पणती घरोघरी आली. ती उलटी करून पाहा. तळाशी एक छोटं झाकण असतं आणि बऱ्याच पणत्यांत ते नखानेही निघतं. आत जो चपटा, चकचकीत सेल असतो, तो बहुतेक वेळा सीआर २०३२ नावाचा असतो : २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. आकाराने तो साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा असतो. वर्ष-दीड वर्षाचं मूल दिसेल ती वस्तू तोंडात घालतं आणि नेमकी एवढीच वस्तू त्याच्या अन्ननलिकेत अडकते.

नाणं अडकलं तर ते बहुधा नुसतं अडकून बसतं. सेल मात्र अडकल्या क्षणापासून काम करू लागतो. अन्ननलिकेची ओली भिंत त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटते आणि वीज वाहायला वाट मिळते. या विजेमुळे सेलच्या ऋण बाजूला, लाळेतल्या पाण्यापासूनच, कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो. चुली-भट्ट्या स्वच्छ करायच्या रसायनाने हात कसा भाजतो हे तुम्ही ऐकलं असेल. इथे तेच छातीच्या आत, एका जागी साठून होतं. भाजायला सुरुवात पंधरा मिनिटांत होऊ शकते आणि दोन तासांत जखम खोलवर गेलेली असू शकते. सेल फुटून आतलं रसायन गळावं लागतं, हा गैरसमज आहे. अखंड, नवाकोरा सेल सर्वांत जास्त भाजतो. रिमोट किंवा पणती चालेनाशी झाली म्हणून काढून टाकलेला ‘संपलेला’ सेलही निरुपद्रवी नसतो. उपकरण चालवायला न पुरणारी वीज पेशी जाळायला पुरते.

मग मूल रडत का नाही? अन्ननलिका लवचीक असते. पाणी, दूध, पातळ वरण सेलच्या कडेने खाली उतरतं. श्वासनलिका वेगळी असल्यामुळे श्वासही नीट चालतो. गिळताना कोणी पाहिलं नसेल तर घरच्यांना काहीच कळत नाही. पुढे लाळ गळू लागते, मूल पोळी-भात नाकारतं, उलटी, खोकला किंवा थोडा ताप येतो. त्या वेळी हे सगळं सर्दी-खोकल्यासारखं दिसतं आणि तसंच औषधही दिलं जातं. म्हणून इथे घड्याळ लक्षणांपासून मोजायचं नाही, सेल दिसेनासा झाल्यापासून मोजायचं.

समजा, तालुक्याच्या गावी संध्याकाळी सात वाजता दीड वर्षाची मुलगी पणतीशी खेळते आहे. साडेसातला आईला झाकण उघडं दिसतं, सेल कुठेच नाही. मुलगी हसते आहे. आजी म्हणते, ‘केळं खायला घाल, सकाळी शी-वाटे पडेल.’ आजीचा अनुभव नाण्याचा आहे आणि नाणं पोटात उतरलेलं असेल तर बहुतेक वेळा खराही ठरतो. पण सेल केळ्याने खाली सरकत नाही. शिवाय केळं, भाताचा गोळा असं घन अन्न दिलं तर सेल काढताना भूल देणं अवघड होतं. घशात बोट घालणं, उलटी काढणं, मुलीला उलटं धरून पाठीवर मारणं हेही नको. मूल गुदमरत असेल, आवाजच निघत नसेल, तेव्हाचे उपाय वेगळे असतात. इथे तसं नाही.

एक गोष्ट मात्र देता येते : मध. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १० मिली मध दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर सेल आणि भिंतीच्या मधे येतो आणि क्षाराचा जोर थोडा कमी करतो. तो वाटेत, गाडीत द्यायचा. मध आणायला दुकान शोधत बसायचं नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको. बाकी पाणी-दूधही डॉक्टर सांगेपर्यंत थांबवा.

पावणेआठला घर सोडलं, सव्वाआठला मान, छाती आणि पोटाचा एक्स-रे झाला. समोरून काढलेल्या एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, बाजूने काढला तर कडेला पायरी दिसते. नाणं एकसंध दिसतं. इथेच सव्वा तास गेला आहे. त्यामुळे एक्स-रे होत असतानाच, लहान मुलाची दुर्बिणीतून तपासणी आणि भूल या दोन्ही सोयी कुठे आहेत हे फोनवर विचारून घ्या आणि १०८ बोलावून ठेवा. नुसतं मोठ्या रुग्णालयाचं नाव पुरत नाही. सेल अन्ननलिकेत असेल तर पोट रिकामं होण्याची वाटही डॉक्टर पाहत नाहीत. जाताना पणती किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्या. त्यावरचा आकडा उपयोगी पडतो.

एक्स-रेत नाणं निघालं तर गोष्ट बदलते. लाळ गळत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर तेही तातडीने काढतात. मूल ठीक असेल तर अन्ननलिकेतल्या नाण्यासाठी डॉक्टर काही तास, फार तर एक दिवस थांबू शकतात. पोटात पोहोचलेलं नाणं सहसा आपोआप पडतं. पण ‘नाणंच होतं’ हे एक्स-रेने ठरवायचं, अंदाजाने नाही.

हा धोका काही देशांनी कायद्याच्या पातळीवर घेतला. ऑस्ट्रेलियाने जून २०२२पासून असे सेल असलेल्या घरगुती वस्तूंना सुरक्षा नियम सक्तीचे केले. अमेरिकेत त्याच वर्षी कायदा झाला, तोही सेल गिळून दगावलेल्या दीड वर्षाच्या मुलीच्या नावाने. दोन्हीकडचं मुख्य सूत्र साधं आहे : सेलचं झाकण मुलाला उघडता येऊ नये. भारतात २०२१पासून खेळण्यांना सरकारी मानक सक्तीचं आहे. पण पणती, डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, दिव्यांच्या माळेचा रिमोट ही खेळणी नव्हेत आणि मूल तो फरक जाणत नाही. माझ्या मते खरी पोकळी इथे आहे. ती भरेपर्यंत स्क्रू नसलेलं झाकण चिकटपट्टीने बंद करणं आणि काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून लगेच टाकणं, एवढं तुमच्या हातात आहे.

सेल काढल्यावरही धोका लगेच संपत नाही. भाजलेली भिंत पुढचे काही आठवडे झिजत राहू शकते, आणि ती श्वासनलिकेपर्यंत किंवा छातीतल्या महाधमनीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून घरी आल्यावर पहिले चार आठवडे थोडंसं रक्त थुंकीत किंवा उलटीत दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली किंवा दूध पिताना ठसका लागू लागला, तर उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नका. त्याच रात्री, जिथे सेल काढला तिथे परत जा.