कुवेतचे बेपत्ता लोक

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावले. फेब्रुवारी १९९१ मध्ये देश मुक्त झाला, पण धरून नेलेली सुमारे ६०० माणसे परतली नाहीत. २००३ नंतर इराकच्या वाळवंटात सामुदायिक कबरी सापडल्या. २०१९ मध्ये समावाजवळ आणखी अवशेष मिळाले. तरीही तीनशेहून अधिक जणांचा पत्ता नाही.

राजवट बदलली, मग गुन्हा संपला काय? आमच्या मते नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९९२ चा जाहीरनामा सांगतो की माणसाचे काय झाले हे लपवले जाते तोवर गुन्हा चालूच असतो. म्हणून साक्षीदार शोधणे, कबरी उकरणे आणि घरच्यांना कळवणे हे आजच्या इराकी सरकारचेही कर्तव्य आहे. युद्धाची भरपाई २०२२ मध्ये फिटली. हे कर्तव्य पैशाने फिटत नाही.