झेरॉक्स मोठी केली की झालं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण हौशी नाटकवाल्यांशी आहे. सोसायट्यांची सांस्कृतिक मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळांची स्नेहसंमेलनं या सगळ्यांशीच. एखाद्या नटाला बारीक अक्षर दिसत नाही किंवा एखाद्या मुलीला डिस्लेक्सिया आहे असं कळलं, की या मंडळींकडे एकच उत्तर तयार असतं: "काळजी करू नका, झेरॉक्स मोठी करून देतो." आणि तेवढं केलं की आपण फार मोठी सोय केली, असा चेहरा असतो.

माझं म्हणणं असं की मोठी झेरॉक्स ही सोय नाहीच. संहिता त्या वाचणाऱ्यासाठी नव्याने मांडावी लागते.

आधी हिशेब पाहा. ए-फोरची ए-थ्री केली की सगळं १४१ टक्के होतं. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम १७ पॉइंटचं होतं. मोठी छपाई म्हणजे साधारण १८ पॉइंट आणि पुढे, असा संकेत आहे. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण उंबरठ्याच्या अलीकडेच. शिवाय अक्षर वाढतं त्याच प्रमाणात ओळही लांबते. कागद डोळ्यांजवळ धरणाऱ्या माणसाला २२ सेंटिमीटरची ओळ वाचताना मान इकडून तिकडे फिरवावी लागते, आणि परत येताना नेमकी पुढची ओळ सापडत नाही. दाटी होती तेवढीच राहते, फक्त ती मोठ्या आकारात दिसते. आणि तो भलामोठा कागद हातात धरला की नटाचं तोंड झाकलं जातं ते वेगळंच.

आपल्या मराठीचा एक खास घोटाळा आहे. नाटकातली भाषा बोलीची, त्यामुळे पानभर टिंबं. आलं, गेलं, त्याचं, माझं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की सगळ्यात आधी ही टिंबं जातात. "त्यांचं घर" चं "त्याच घर" होतं! त्याच म्हणजे कुठल्या, हे वाचणाऱ्याने ओळखायचं का? घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक एवढ्याशा रेघेचा असतो. ज्याला मुळात अक्षरं ओळखायलाच जास्त कष्ट पडतात, त्याच्या हातात पुसट रेघा देऊन "मोठं दिलंय ना?" असं विचारणं बरं नव्हे.

आता करायचं काय? बहुतेक संहिता आज संगणकावर असतेच. ती फाइल घ्यावी आणि एका संध्याकाळी बसावं. आमच्या इथल्या एका एकांकिकेतला असाच एक संवाद घेतो. मूळ पानावर तो असा होता:

सुमन : (चिडून खिडकीकडे जात) मी तुला कालच सांगितलं होतं की दादा आला की त्याला काही बोलू नकोस पण तू ऐकलं नाहीस आता तो गेला निघून आईला काय सांगायचं ते तूच सांग.

ही भूमिका करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला, अगदी मधल्या भागाला, वयोमानाने इजा झाली आहे. समोरचं अक्षर पुसट, कडेचं बरं. ए-थ्री कागदावर त्यांची ओळ "त्याला काही बोलू" इथे संपत होती आणि "नकोस" पुढच्या ओळीत. मराठीत नकार शेवटी येतो. त्यामुळे बाई दर वेळी "त्याला काही बोलू" म्हणून थांबायच्या आणि मग शोधून "नकोस" म्हणायच्या. दिग्दर्शकाला वाटलं, पाठांतर कच्चं आहे. पाठांतराचा काही संबंध नव्हता, ओळ चुकीच्या जागी तुटली होती. तोच संवाद नंतर असा मांडला:

२७
सुमन
[चिडून, खिडकीकडे जाते]
मी तुला कालच सांगितलं होतं,
दादा आला की
त्याला काही बोलू नकोस.
पण तू ऐकलं नाहीस.
आता तो गेला निघून.
आईला काय सांगायचं,
ते तूच सांग.

एका श्वासात म्हणायचं तेवढं एका ओळीत. क्रियापद आणि त्याचा नकार कधीही वेगळे करायचे नाहीत. नाव वेगळ्या ओळीवर, ठळक. सूचना चौकटी कंसात, तीही वेगळ्या ओळीवर, पण तिरक्या अक्षरात नाही. डावी कड सरळ, उजवी मोकळी. दोन्ही कडा सरळ करायला गेलं की शब्दांमधली जागा कुठे फुगते, कुठे आवळते. बाईंसाठी अक्षर २२ पॉइंट ठेवलं, दोन ओळींत दीडपट अंतर, दोन संवादांमध्ये एक पूर्ण ओळ मोकळी. आपल्या लिपीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींत जागा हवीच, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. फॉन्ट साधा, एकसारख्या जाडीचा, मुक्तासारखा. आणि संवादाचा तो आकडा सगळ्यांच्याच प्रतींत घातला, कारण पानांचे नंबर आता जुळणार नव्हते. "पान आठ, तिसरी ओळ" म्हणण्याऐवजी "सत्तावीसपासून घ्या" म्हटलं की झालं.

डिस्लेक्सियासाठी मात्र हेच जसंच्या तसं चालेल असं समजू नका. तिथे आकार मोठा करण्यापेक्षा मोकळी जागा महत्त्वाची. १४ पॉइंट पुष्कळदा पुरतं. २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त वेगाने आणि कमी चुका करत वाचत होती. पण तो रोमन लिपीचा अनुभव. आपल्याकडे तसं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि काना अक्षरापासून सुटा दिसू लागतो. म्हणून देवनागरीत अक्षरांना हात लावू नये, शब्दांमध्ये दोन जागा सोडाव्यात आणि ओळी आखूड ठेवाव्यात. कागद झगझगीत पांढरा नको, फिकट पिवळसर आणि जरा जाड, म्हणजे मागचं पुढे उमटत नाही.

आणि "जितकं मोठं तितकं चांगलं" हेही खरं नाही. काचबिंदूत नजरेचा घेर आखडतो. अशा माणसाला फार मोठं अक्षर दिलं तर एका वेळी दोनच अक्षरं घेरात मावतात. म्हणून आधी एकच पान तीन आकारांत छापून वाचायला द्यावं आणि कान देऊन ऐकावं. ओळीच्या सुरुवातीला अडखळलं तर ओळींमधलं अंतर कमी आहे. ओळीच्या शेवटी अडखळलं तर ओळ चुकीच्या जागी तुटली आहे. कागद सारखा तिरका करून पाहिला जात असेल तर दोष चकाकीचा आहे.

यावर आक्षेप ठरलेला: "सर, वीस पानांची एकांकिका साठ पानांची होते!" होते ना. पण ती एकाच प्रतीची. चाळीस जादा पानांचा खर्च एका तालमीच्या चहा-बिस्किटांपेक्षा जास्त नाही. पानं उलटण्याचा त्रास होतो हे कबूल. म्हणून एकाच बाजूला छापावं, स्पायरल बाइंडिंग करावं, आणि पान नेहमी तिच्या संवादाच्या शेवटी संपवावं, म्हणजे दुसरा बोलत असताना ते उलटता येतं.

दुसरा आक्षेप: "शेवटी पाठच तर करायचंय." अहो, पाठ करायचं ते वाचूनच ना? पहिल्या वाचनाला जो सगळ्यांसमोर तीनदा अडखळला, त्याची भूमिका चौथ्या दिवशी "झेपत नाही" म्हणून दुसऱ्याला दिली जाते. मी हे होताना पाहिलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणाला नाही झेपलं, तर त्याच्या हातातला कागद आधी पाहा.