तळपायाची आग आणि घोट्यातील अरुंद वाट

तळपायाची आग होते, मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की पुढचे उपचार बहुधा ठरलेले असतात. रक्तातील साखर तपासली जाते आणि बी-१२ची इंजेक्शने सुरू होतात. दुखणे टाचेजवळ असेल तर एक्स-रे काढून ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे सांगितले जाते. मधुमेह आणि बी-१२ची कमतरता ही कारणे खरोखरच नेहमीची आहेत. पण ती सहसा दोन्ही पायांना सारखाच त्रास देतात. मुंग्या एकाच तळव्याला येत असतील, तर रक्ताच्या अहवालाआधी घोटा तपासायला हवा. नेमके तेच राहून जाते.

घोट्याच्या आतल्या बाजूला जे हाड वर आलेले दिसते, त्याच्या मागून आणि खालून एक अरुंद बोगदा जातो. त्याची एक बाजू हाडांची, तर छत म्हणजे एक चिवट पट्टा. या वाटेने तीन स्नायूंचे दोर, रक्तवाहिन्या आणि तळव्याला संवेदना देणारी मुख्य नस जाते. छत ताणले जात नाही. त्यामुळे आत गाठ झाली, शिरा फुगल्या, दोरांना सूज आली किंवा पाऊल सपाट असल्याने नस ताणली गेली, की दाब नसेवरच येतो. मनगटातील कार्पल टनेलचा आजार अनेकांना माहीत असतो. हा त्याचाच पायातला भाऊबंद, टार्सल टनेल सिंड्रोम. तो मनगटातल्यापेक्षा बराच कमी आढळतो आणि म्हणूनच चटकन आठवत नाही.

एक उदाहरण पाहू. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ४५ वर्षांच्या एक बाई आठ महिने उजव्या तळव्याच्या आगीने हैराण होत्या. साखर ठीक होती. बी-१२ घेऊन झाले होते. एक्स-रेमध्ये टाचेला हाडाचे टोक दिसले म्हणून टाचेत इंजेक्शनही दिले गेले होते, उपयोग शून्य. नीट विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. टाचेच्या नेहमीच्या दुखण्यात सकाळचे पहिले पाऊल सर्वांत जास्त दुखते; यांचा त्रास उलट दिवसभर उभे राहून वाढत जाई आणि रात्री पाय पांघरुणाबाहेर काढावा लागे. शिवाय मुंग्या आतल्या घोट्यापासून तळव्यात, अंगठ्यापर्यंत जात. पावलाची वरची बाजू मात्र अगदी ठीक होती.

आतल्या घोट्यामागे बोटाने हलके ठोकताच तळव्यात विजेसारखी कळ गेली. पाऊल वर आणि बाहेरच्या बाजूला वळवून काही सेकंद धरले, तर मुंग्या पुन्हा आल्या. डाव्या पायात यातले काहीच झाले नाही. कंबरदुखी नव्हती, टाचेमागचा प्रतिक्षेप शाबूत होता. म्हणजे मणक्यातील नस दबल्याची शक्यता कमी. सोनोग्राफीत बोगद्यातच गँगलियनची छोटी गाठ दिसली. शस्त्रक्रियेने पट्टा सैल करून गाठ काढली. रात्रीची आग काही आठवड्यांत थांबली, अंगठ्याचा बधिरपणा जायला मात्र काही महिने लागले. टाचेच्या हाडाचे टोक आजही तिथेच आहे. ते दुखत नाही, तेव्हाही दुखत नव्हते.

प्रत्येक रुग्णाचे असे सरळ होत नाही. गाठीसारखे स्पष्ट कारण सापडले तर शस्त्रक्रियेचा निकाल चांगला लागतो. कारण सापडले नाही तर तो बेभरवशाचा असतो. म्हणून अशा रुग्णांना आधी काही महिने पावलाच्या कमानीला आधार देणारी पादत्राणे, उभे राहण्याच्या कामात विश्रांती, सूज कमी करणारी आणि नसेच्या वेदनेची औषधे द्यावीत. नसेच्या वहनाची तपासणी उपयोगी आहे, पण ती नॉर्मल आली म्हणून आजार नाही, असे ठरत नाही. मधुमेही व्यक्तीला दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. एका पायाचा त्रास दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर ‘साखरेमुळेच’ म्हणून विषय संपवू नये.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ नसतो, हे मी रोज अनुभवतो. पण घोट्यामागे ठोकून पाहायला एक मिनिट पुरते आणि यंत्र लागत नाही. तळपायाची तक्रार असलेल्या प्रत्येकाचे मोजे उतरवून ही तपासणी व्हायलाच हवी. रुग्णांनीही एक करावे: मुंग्या येत असताना पेनाने पावलावर त्या जागेची रेघ काढून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. ‘पाय दुखतो’ या दोन शब्दांपेक्षा ती रेघ कितीतरी जास्त सांगते. पावलातली ताकद कमी होत असेल किंवा बधिर तळव्याला जखम झाली असेल, तर मात्र वाट न पाहता लगेच दाखवावे.